कच्च्या अंड्याचा हात कुठे कुठे लागतो

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई (वय ७२) आणि दोन वर्षांची मुलगी. जुलैतल्या एका रविवारी दुपारी मी अंड्याच्या पोळ्या, भात, सोलकढी आणि काकडीची कोशिंबीर केली. सासूबाई अंडं खात नाहीत. मुलीलाही त्या दिवशी दिलं नव्हतं, तिने भात-कोशिंबीरच खाल्ली. सोमवारी दुपारपासून सासूबाईंना ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले, मंगळवारी मुलीलाही. अंडी खाल्लेले आम्ही दोघं मात्र ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, कच्च्या अंड्यातून झालं असावं. पण कच्चं अंडं तर कोणीच खाल्लं नाही. ओटा मी लगेच फडक्याने पुसला होता, वास जावा म्हणून वर लिंबू फिरवलं होतं. अंडी शेजारच्या काकींकडची, गावठी, आणल्या आल्या धुऊन ठेवलेली. सासूबाई म्हणतात, “गावठी अंडी ती, तेंच्यात कसले जंतू?” मग चुकलं कुठे? आणि हात, बोर्ड, फडकी, ओटा नक्की कसं स्वच्छ ठेवायचं?
— एक सूनबाई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या डॉक्टरांनी ‘असावं’ म्हटलं, ते योग्यच म्हटलं. शौचाची तपासणी करून जंतू वाढवून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणीही संशयितांत असतंच. तरी तुम्ही दिलेल्या वेळा अंड्यातल्या साल्मोनेला या जंतूशी चांगल्या जुळतात. तो पोटात गेल्यापासून साधारण ६ तास ते ३ दिवसांत त्रास सुरू होतो, आणि ताप, कळा, जुलाब हे तिन्ही एकत्र येणं ही त्याची नेहमीची चाल आहे. अंडं न खाणारेच आजारी पडले, हेसुद्धा त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हे. उलट त्यानेच संशय बळावतो. तुम्ही दोघांनी खाल्लं ते अंडं तव्यावर शिजलं. अंड्याचा पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट झाले, म्हणजे आतली उष्णता ७० अंशांच्या आसपास गेली, की साल्मोनेला मरतो. पण त्या अंड्याचा जो ओलावा तुमच्या बोटांवर, सुरीवर, फडक्यावर राहिला, तो कुठल्याच तव्यावर गेला नाही. तो गेला कोशिंबिरीत आणि सोलकढीत, जे दोन्ही पदार्थ आपण आच न लावता ताटात वाढतो.

कोशिंबीर तर तुम्हीही खाल्ली असणार. मग तुम्हाला काही का झालं नाही? जंतू थोडे असले तर धडधाकट माणसाच्या पोटातलं आम्ल त्यांतले बरेचसे मारतं. सत्तरीनंतर ही ताकद कमी होते, आणि सासूबाई ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर आणखी कमी होते. दोन वर्षांच्या मुलाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. त्यामुळे एकाच भांड्यातली कोशिंबीर चौघांनी खाऊन दोघंच आजारी पडणं अगदी शक्य आहे.

आता तो रविवार आपण हळूहळू पुन्हा चालवून पाहू. तुमच्या स्वयंपाकघरात मी नव्हते, म्हणून पुढचं चित्र बहुतेक घरांत जसं घडतं तसं मांडते. तुमचं कुठे जुळतं ते तुम्हीच बघा.

अंडी फ्रिजमधून किंवा टोपलीतून काढली. ओट्यावर ठेवली तर घरंगळतात, म्हणून चॉपिंग बोर्डवर, कांद्याच्या शेजारी ठेवली. कांदा-मिरची चिरून झाली होती, सुरी हातातच होती. सुरीच्या धारेने टचकन अंडं फोडलं. पांढऱ्याची एक तार सुरीवरून पात्याच्या मुठीपर्यंत उतरली. टरफलं तिथेच बोर्डच्या कडेला पालथी घातली. चार अंडी फोडून झाल्यावर बोटं चिकट लागली, तेव्हा ती ओट्यावरच्या ओल्या मसोत्याला पुसली, किंवा पदराला, गाऊनला. मग मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर हळद घेतली, मिठाच्या बरणीत बोटं घातली, गॅसचा कान पिळला. पोळी तव्यावर पडली. ती एका बाजूने शिजेपर्यंत तीन-चार मिनिटं मोकळी होती, म्हणून तीच सुरी पाण्याखाली धरून काकडी चोचवायला घेतली. काकडीत मीठ पडलं, त्याच बरणीतलं. नंतर टरफलं गोळा करून मसोत्याने बोर्ड आणि ओटा पुसला, आणि तोच मसोता पिळून पुन्हा नळावर टाकला.

यात कोणीही घाणेरडं काम केलेलं नाही. प्रत्येक पायरी नीटनेटक्या बाईची आहे. पण अंड्याचा ओलावा पाच-सहा ठिकाणी पोहोचला आणि त्यांतल्या सुरी, मीठ आणि बोर्ड या तिघांचा रस्ता थेट कोशिंबिरीत गेला. सोलकढीचं तसंच. नारळाचा रस आपण हाताने पिळतो आणि गाळायला बरेचदा स्वयंपाकघरातलंच फडकं घेतो. खोवलेलं ओलं खोबरं आणि त्याचा रस जंतूंना वाढायला फार सोयीचा असतो. कोकमाच्या आगळाने कढी आंबट होते खरी, त्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते, पण आधीच पडलेले जंतू जेवणाच्या वेळेपर्यंत मरतील असा भरवसा धरू नये.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी एक प्रयोग करा. बायकांच्या गटांत मी हा नेहमी करून दाखवते. हळद थोड्या पाण्यात कालवून तिची पातळ पेस्ट दोन अंड्यांच्या कवचाला बाहेरून लावा. मग कोणालातरी नेहमीसारखी अंड्याची पोळी करायला सांगा, आपण मध्ये बोलायचं नाही. पोळी ताटात आली की पिवळं कुठे कुठे दिसतं ते शोधा. नळाची चावी, गॅसचा कान, फ्रिजचं हँडल, मिठाच्या बरणीचं झाकण, मोबाइल, आणि मसोत्यावर तर ठसेच ठसे. एकदा हे पाहिलेली बाई पुढच्या वेळी आपोआप हात सावरते.

आता मूळ प्रश्न, अंड्यावर जंतू येतात कुठून. साल्मोनेला कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि कोंबडी स्वतः आजारी दिसत नाही. अंडं आणि विष्ठा एकाच वाटेने बाहेर येत असल्याने कवचावर जंतू लागतात. कधी कधी अंडं आत तयार होत असतानाच जंतू त्यात शिरतो, तेव्हा कवच कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नसतो. गावठी कोंबडी असो की पोल्ट्रीतली, दोघींच्या बाबतीत हे शक्य आहे. सासूबाईंना सांगा की गावठी अंड्याची चव वेगळी असते, त्यात वाद नाही, पण ते खुराड्यातल्या ओल्या पेंढ्यात पडलेलं असतं आणि कवचावर विष्ठेचे डाग दिसण्याची शक्यता उलट जास्त असते. अंडं पाण्यात टाकून बुडतं की तरंगतं हे पाहायची पद्धत आपल्याकडे आहे. तिने फक्त अंडं किती जुनं आहे ते कळतं, जंतू आहेत की नाहीत हे कळत नाही.

आणि अंडी आणल्या आल्या धुऊन ठेवणं बंद करा. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर कोंबडीनेच दिलेला एक पातळ लेप असतो. धुतल्यावर तो लेप निघून जातो. शिवाय अंड्यापेक्षा गार पाणी वापरलं तर आतला भाग किंचित आकसतो आणि कवचावरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. पावसाळ्यात आपलं विहिरीचं पाणी गारच असतं. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेल्या कामाने जंतूला आत जायची वाट मिळते, आणि अंड्यांवरून उडालेले शिंतोडे सिंकमधल्या भाजीवर पडतात ते वेगळंच. अंड्याला वाळलेली घाण असेल तर कोरड्या कागदाने खरडून पुसा, तो कागद लगेच टाकून द्या आणि हात धुवा. फारच बरबटलेलं असेल तर फोडायच्या अगदी आधी, हाताला जरा कोमट लागेल अशा पाण्याने ते एकच अंडं धुवा. तडा गेलेलं अंडं घेऊच नका. काकींकडून घेताना डबा आपला न्या. तो फक्त अंड्यांसाठीच ठेवा, फ्रिजमध्ये त्याच डब्यात, झाकण लावून, खालच्या कप्प्यात. ४-५ अंशांच्या गारव्यात साल्मोनेला वाढत नाही. पण आपल्याकडे पावसात वीज तासन्‌तास जाते. तेव्हा फ्रिज सारखा उघडू नका, आणि त्या दिवसांतली अंडी अर्धी कच्ची न ठेवता पूर्ण शिजवूनच खा.

आता तुमच्या लिंबाबद्दल. लिंबू, आगळ, चिंच, राख यांनी अंड्याचा वशट वास जातो, आणि वास गेला की आपल्याला ओटा स्वच्छ झाला असं वाटतं. पण वास आणि जंतू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वास मुख्यतः अंड्यातल्या गंधकाचा असतो, आणि साल्मोनेलाला आपल्या नाकाला कळेल असा वास नसतो. लिंबाची फोड ओट्यावरून फिरवल्याने जंतू मरतील इतका तीव्र आणि इतका वेळ टिकणारा आंबटपणा तिथे राहत नाही. लिंबू जरूर फिरवा, पण ते साबणानंतर.

खरं काम साबण करतो, आणि इथे एक गोष्ट बरेच जण उलटी करतात. अंडं सांडलं की आधी उकळतं पाणी ओततात. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे शिजायला लागतो. म्हणजे उकळत्या पाण्याने तुम्ही तो ओट्यावर आणि बोर्डच्या चिरांमध्ये शिजवून चिकटवता. वरून तो पांढुरका पापुद्रा दिसतो, खाली ओलसर थर तसाच राहतो आणि पुढचा साबण त्याच्या आत पोहोचत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोरडं टिपायचं, मग साध्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, आणि गरम पाणी शेवटी.

ओट्यावर अंडं सांडलं तर फडकं उचलू नका. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीने ते कडेकडून मध्याकडे गोळा करा आणि कागदासकट कचऱ्यात टाका. मग त्या जागेवर, आणि चारी बाजूंना हातभर जास्तीच्या भागावर भांडी घासायचा साबण लावून घासा. हातभर यासाठी, की अंडं फेटताना बारीक थेंब उडतात. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात मुद्दाम साल्मोनेला घातलेली अंडी फेटून पाहिली, तेव्हा भांड्यापासून ४० सेंटीमीटरपर्यंत जंतू सापडले होते, आणि वाळलेल्या अंड्याच्या थरात ते दुसऱ्या दिवशीही जिवंत होते. म्हणून फेटायला पसरट ताटली न घेता उभ्या काठाचं खोल पातेलं घ्या, आणि ते भाताच्या उघड्या टोपाजवळ ठेवू नका.

आपल्याकडे ओटा बहुतेक काळ्या कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा. त्यावर वाळलेला पांढरा दिसतच नाही. तो ओळखायचा असेल तर मोबाइलची बॅटरी ओट्याच्या अगदी जवळ आडवी धरा आणि उजेड दगडावरून सरपटत जाऊ द्या. अंडं राहिलं असेल तिथे गोगलगाय जाऊन गेल्यासारखी चमक दिसते. दुसरी खूण बोटाची: धुतलेल्या जागेवरून ओलं बोट दाबून ओढा. दगड करकरीत लागला तर झालं, बोट बुळबुळीत सटकलं तर साबण पुन्हा लावा. दोन कडाप्प्यांमधल्या सांध्यात आणि ओटा-भिंतीच्या कोपऱ्यात मात्र बोटाला कळत नाही. तिथे जुना दातांचा ब्रश फिरवावाच लागतो.

घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर साबणानंतर जंतुनाशकाची एक फेरी द्यावी असं मला वाटतं. दुकानात मिळणारं साधं, बिनवासाचं ब्लीच, ज्यावर ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असं लिहिलेलं असतं, ते एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा घाला. ते ओट्यावर पसरून दोनेक मिनिटं ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. हे पाणी रोजच्या रोज ताजं करायचं, आणि बाथरूमच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. अंड्याने माखलेल्या ओट्यावर थेट ब्लीच ओतलं तर ते अंड्यावरच खर्च होतं आणि जंतू सुटतात, म्हणून आधी साबण हवाच.

चॉपिंग बोर्डच्या बाबतीत प्लास्टिक चांगलं की लाकूड हा वाद मी बाजूला ठेवते. नवा, गुळगुळीत असेल तर दोन्ही चालतात, आणि चिरा पडल्या की दोन्ही वाईट. बोर्डवरून नख आडवं ओढा. नख जागोजागी अडकत असेल तर तो बोर्ड बदला, कारण त्या खाचांत ब्रश पोहोचत नाही. विळी आणि खवणीच्या पाटाचं तेच. पण खरा उपाय याहून सोपा आहे: कच्चं अंडं बोर्डवर येऊच देऊ नका. त्याला बोर्डचं कामच काय? अंडी वाटीत ठेवा, वाटीच्या काठावरच फोडा आणि टरफल त्याच क्षणी शेजारी पसरलेल्या कागदावर टाका. सुरीने फोडायची सवय मोडायला दोन-चार दिवस जातील, पण मोडा. आणि गुलाबाच्या झाडाला टरफलं घालायची असतील तर ती ओट्यावर साठवून ठेवू नका, तशीच बाहेर न्या.

आता मसोता. तुमच्या सगळ्या पत्रात मला जास्तीत जास्त संशय याच्यावर आहे. अंड्याला लागलेलं ओलं फडकं, आपला जुलै महिना, २७-२८ अंशांची दमट हवा. कापडात अंड्याचं खाद्य आहे, पाणी आहे, ऊब आहे. अशा ठिकाणी साल्मोनेला तासातासाला वाढत जातो. दुपारी चारशे जंतू असतील तर रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत ते लाखांत जाऊ शकतात, आणि तुम्ही तोच मसोता ताटं कोरडी करायला घेता. म्हणजे एका जागी सांडलेलं अंडं फडक्याने पुसलं की ते सगळ्या ओट्यावर सारवलं जातं. वर ओटा कोरडा दिसतो, ही आणखी फसवी गोष्ट.

जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे हातरुमालाएवढे दहा-बारा तुकडे करा. मोठं फडकं वाळत नाही, लहान तुकडा वाळतो. अंड्याच्या कामात एकदा वापरलेला तुकडा तिथेच बादलीत जायला हवा, पुन्हा ओट्यावर येता कामा नये. रात्री ते सगळे तुकडे आधी साध्या पाण्यात साबणाने चोळून अंडं काढून टाका, मग जुन्या पातेल्यात पाणी खळखळ उकळायला लागल्यावर दहा मिनिटं उकळा. नुसतं कढत पाण्यात बुडवून काढणं पुरत नाही. वाळवणं हा तुमच्याकडचा खरा अडसर, कारण चार दिवस ऊन नसतं. दांडीवर आंबूस वास येईपर्यंत लोंबणारं फडकं उकळलेलं असलं तरी वापरू नका. घरात चूल पेटत असेल तर तिच्या वरच्या दोरीवर टाका, नाहीतर फडकी घट्ट पिळून गरम इस्त्री फिरवा, सुती तुकडा पाच मिनिटांत कोरडा होतो. तेही जमत नसेल त्या दिवशी ओटा पुसायला कागद वापरा. भांडी घासायच्या काथ्याचं किंवा स्पंजचं असंच आहे. अंड्याचं पातेलं घासलेला काथ्या नीट खळबळून, झटकून उभा करून ठेवा, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका.

सोलकढी गाळायचं फडकं पूर्ण वेगळं हवं. त्याचा रंगच वेगळा ठेवा आणि ते मसोत्यांच्या दांडीवर वाळत घालू नका. शक्य असेल तर स्टीलची बारीक गाळणी घ्या, ती उकळायला सोपी.

हात धुणं सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो, पण बोटं पाण्याखाली धरून झटकली म्हणजे अंडं जात नाही. पांढरा पाण्याला दाद देत नाही, तो साबणानेच सुटतो. वीस सेकंद चोळायचे: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचं मूळ, आणि नखांची टोकं दुसऱ्या तळव्यावर खरवडून. अंगठीखाली अंडं हमखास राहतं, ती पुढेमागे फिरवा. काचेच्या बांगड्या असतील तर त्या वर सरकवून मनगट धुवा, कारण फोडताना पांढरा मनगटाकडे ओघळतो. आणि नळाची चावी चिकट बोटांनी उघडली असेल तर हात धुताना तिलाही साबण लावा, नाहीतर बंद करताना तेच अंडं धुतलेल्या हाताला परत येतं. मनगटाने किंवा कोपराने उघडता आली तर प्रश्नच मिटला. हात पुसायचा पंचा वेगळा, ओटा पुसायचा वेगळा, आणि पदराला हात पुसणं या कामापुरतं तरी बंद.

हे सगळं वाचून अंडी करायचंच नको असं वाटेल, म्हणून तोच रविवारचा बेत असा लावून बघा. सगळ्यात आधी नारळाचा रस काढून सोलकढी करा. काकडी चोचवून झाकून ठेवा, तिच्यात मीठ आणि दही वाढायच्या वेळी चमच्याने घाला. दोन्ही भांडी ओट्यावरून उचलून टेबलावर किंवा फ्रिजमध्ये ठेवा. मग बोर्डवर कांदा, मिरची, कोथिंबीर चिरून खोल पातेल्यात टाका, त्यातच हळद, तिखट, मीठ घाला आणि मिसळणाचा डबा बंद करून फळीवर ठेवून द्या. बोर्ड, सुरी धुऊन बाजूला. तवा तापवा, तेल घाला. आणि आता, सगळं झाल्यावर, अंडी बाहेर काढा. फोडा, टरफलं कागदावर टाका, काटा भांड्याच्या तळाशी ठेवून फेटा, तव्यावर ओता. रिकामं पातेलं सिंकमध्ये साध्या पाण्याने भरून ठेवा आणि तिथेच हात धुवा. पोळीची पहिली बाजू शिजायला जो वेळ लागतो तेवढ्यात हात धुऊन होतात. उलथणं ओट्यावर न टेकवता ताटलीत ठेवा, आणि पोळी वाढायला दुसरं घ्या, कारण पहिल्याला उलटतानाचं कच्चं अंडं लागलेलं असतं. दुसरी पोळी घालायच्या आधी जर डब्यातलं काही लागलं, तर चमचा वापरा.

या क्रमात जास्तीचं काम जवळजवळ नाही. कच्चं खायचं ते आधी आणि अंडं शेवटी, एवढाच फरक. अंडं फोडल्यापासून हात धुवेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावावा लागू नये, हे साधलं की बोर्ड, डबा, नळ, फ्रिज यांच्या स्वच्छतेचा निम्मा व्याप आपसूक कमी होतो.

आत्ता लगेच करायच्या दोन गोष्टी आहेत. त्या रविवारी मिठाच्या बरणीत किंवा मिसळणाच्या डब्यात ओली बोटं गेली असतील असं वाटत असेल, तर ते मीठ आणि हळद-तिखट टाकून द्या, बरणी धुऊन पूर्ण कोरडी करून नवं भरा. साल्मोनेला कोरड्या मसाल्यात वाढत नाही, पण मरतही नाही, आठवड्यांमागून आठवडे टिकतो. आमटीत पडला तर उकळून मरेल, कोशिंबिरीवर भुरभुरलात तर नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलीची. जुलाब थांबले तरी साल्मोनेला शौचातून काही आठवडे पडत राहतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत तर त्याहून जास्त काळ. त्यामुळे तिची शी धुतल्यावर, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नका, आणि सासूबाईंनीही पुढचा महिनाभर कच्च्या कोशिंबिरी कालवू नयेत. दोघींना ओआरएस, पेज, ताक सुरू ठेवा. जुलाब थांबवण्याच्या किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नका. शौचात रक्त दिसलं, ताप तीन दिवसांत उतरला नाही, मुलगी सहा तासांत लघवीला गेली नाही किंवा मलूल पडून राहिली, सासूबाईंना उठताना चक्कर यायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दोघींना ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि तिथे शौचाची तपासणी करून घेण्याबद्दल विचारा. औषध सुरू व्हायच्या आधी नमुना दिला तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते.